एकच पाइप की दोन? सात मजल्यांच्या शाफ्टसाठी फिक्स्चर युनिटचा हिशेब

लातूरला औसा रोडच्या बाजूला एका इमारतीचं ड्रॉइंग गेल्या महिन्यात माझ्याकडे आलं. खाली पार्किंग, वर सात मजले. एका शाफ्टला दोन फ्लॅट पाठीला पाठ लावून बसलेले, प्रत्येक फ्लॅटची दोन टॉयलेट-बाथरूम, किचनचं सिंक आणि वॉशिंग मशीनचा कोपरा, सगळं त्याच शाफ्टवर. बिल्डर तरुण आहे, प्रश्न सरळ विचारतो. "सर, संडासाचं आणि न्हाणीचं पाणी एकाच पाइपात घेऊ, की वेगवेगळं?" शेजारी उभ्या मिस्त्रीनं तिसरा पर्याय दिला, "साहेब, एकच सहा इंची टाका वरपासून खालपर्यंत आणि मोकळं व्हा. पुन्हा कटकट नको."

हे तीन पर्याय तुमच्याही समोर असतील तर त्यांची तुलना आकड्यांनी करता येते, आणि आकडे वाटतात तितके अवघड नाहीत.

आधी फिक्स्चर युनिट म्हणजे काय ते नीट धरू, कारण पुष्कळ गोंधळ तिथेच होतो. हे पाण्याचं माप नाही, वजन आहे. रॉय हंटर या अमेरिकन संशोधकानं 1940 साली पाइपांवरच्या भाराचा अंदाज संभाव्यतेच्या गणितातून मांडला. इमारतीतले सगळे संडास एकाच क्षणी फ्लश होत नाहीत. म्हणून प्रत्येक उपकरणाला, ते किती जोरात, किती वेळ आणि किती वेळा पाणी सोडतं हे पाहून एक अंक द्यायचा, अंकांची बेरीज करायची आणि त्या बेरजेवरून पाइप निवडायचा. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या पद्धतीत टाकीवाल्या संडासाला 4, वॉश बेसिनला 1, शॉवरला 2, घरगुती सिंकला 2. संडास, बेसिन आणि शॉवर एकाच बाथरूममध्ये असतील तर त्या तिघांच्या गटाला 7 नव्हे, 6. एका बाथरूममध्ये एकच माणूस असतो, तो तिन्ही गोष्टी एकदम वापरत नाही, म्हणून ही सूट. वॉशिंग मशीनला मी 2 धरतो.

आता आपला शाफ्ट. मजल्यावर चार बाथरूम, सात मजले, म्हणजे 28 बाथरूम. सिंक 14, वॉशिंग मशीन 14.

सगळं एकाच पाइपात घेतलं तर 28 बाथरूमचे 168, सिंकचे 28 आणि मशीनचे 28, एकूण 224. तीन मजल्यांपेक्षा उंच असलेल्या 100 मिलिमीटरच्या उभ्या पाइपाला एकूण 500 युनिट चालतात आणि एका मजल्यावरून 90. आपल्या मजल्यावरून येतात 32. म्हणजे उभा चार इंची पाइप निम्मासुद्धा वापरला जात नाही. मिस्त्रीच्या सहा इंचीचा प्रश्न खरं तर इथेच संपतो, पण तो पुन्हा येणार आहे, म्हणून थोडा बाजूला ठेवू.

उभ्या पाइपाला एवढं का चालतं? कारण त्यात पाणी नळीसारखं भरून पडत नाही. ते पाइपाच्या भिंतीला चिकटून कातडीसारखं खाली येतं आणि मधोमध हवेचा खांब राहतो. साधारण एका मजल्याच्या उंचीत त्याचा वेग ठरून जातो. पुढे सात मजले असोत की पंधरा, भिंतीचं घर्षण आणि गुरुत्व एकमेकांना तोलून धरतात. वरच्या मजल्याचं पाणी खाली गोळीसारखं येऊन आदळतं हा समज चुकीचा आहे. पाइपाचा एक चतुर्थांश भाग पाण्यानं व्यापला, तरी चार इंची पाइप सेकंदाला सुमारे 7 लिटर नेतो. यापेक्षा फार भरू द्यायचं नाही, नाहीतर मधला हवेचा खांब तुटतो. सगळे तक्ते ही मर्यादा सांभाळून बनवलेले आहेत.

अडचण तळाला आहे. उभा पाइप आडवा झाला की तिथे दुसरा तक्ता लागतो आणि आकडे एकदम खाली येतात. 100 मिलिमीटरच्या आडव्या ड्रेनला 1:100 उतारावर 180 युनिट आणि 1:50 उतारावर 216. आपले 224. थोडक्यात हुकलं. म्हणजे एकत्र पाइप घेतला तर उभा चार इंची चालेल, पण तळाच्या बेंडपासून चेंबरपर्यंत सहा इंची घ्यावाच लागेल. 150 मिलिमीटरला 1:100 वर 700 चालतात, तिथे मग काही प्रश्न उरत नाही.

युनिफॉर्म प्लंबिंग कोडनं हाच हिशेब केला तर गंमत अशी की आकडे वेगळे येतात आणि उत्तर तेच येतं. तिथे कमी पाण्याच्या सिस्टर्नच्या संडासाला 3 आणि वॉशिंग मशीनला 3 धरतात, गटाची सूट नाही. बेरीज 238 होते. चार इंची उभ्याची मर्यादा 256, आडव्याची 216. उभा पास, आडवा नापास. पण एक पथ्य पाळा. एका कोडमधले युनिट घेऊन दुसऱ्या कोडच्या मर्यादेशी ताडून पाहू नका. प्रत्येक तक्त्याचे अंक आणि त्याच्या मर्यादा जोडीनं ठरवलेल्या असतात. एका ड्रॉइंगवर संडासाला 3 धरून 500 ची मर्यादा लावलेली मी पाहिली आहे. कागदावर ते छान दिसतं, पण त्याला आधार कशाचाच नाही.

आता दुसरा पर्याय, दोन पाइप. संडासाचा वेगळा, बाकीच्या पाण्याचा वेगळा. संडास 28, प्रत्येकी 4, म्हणजे 112. बेसिन आणि शॉवरचे बाथरूममागे 3, म्हणून 84. त्यात सिंक आणि मशीनचे 56 मिळवले तर 140. दोन्ही मिळून 252 होतात, एकत्रचे होते 224. ही चूक नाही. पाइप वेगळे झाले की एका बाथरूमची गटाची सूट लागू होत नाही, म्हणून बेरीज वाढते. पण ती आता दोन पाइपांत वाटली गेली आहे आणि दोन्ही चार इंचीच्या आडव्या मर्यादेत, 1:100 च्या 180 मध्येसुद्धा, आरामात बसतात. सहा इंचीची गरज कुठेच उरत नाही.

इथे लोक हमखास विचारतात, "मग न्हाणीचा पाइप तीन इंची घेतला तर?" त्या दिवशी साइटवर हाच विषय निघाला, तेव्हा मिस्त्रीकडून 75 च्या एसडब्ल्यूआर पाइपाचा एक तुकडा मागून घेतला आणि आतून टेप लावला. 68 मिलिमीटर. 75 हा पाइपाचा बाहेरचा व्यास आहे. आयएस 13592 च्या बी टाइपची भिंत 3.2 मिलिमीटर, दोन्ही बाजूंची मिळून 6.4 गेली. तक्त्यातला तीन इंचीचा आकडा 76 मिलिमीटर आतल्या व्यासाचा आहे. म्हणजे बाजारातला 75 हा तक्त्यातला तीन इंची नाही, त्याच्याखालचा आहे. उलट 110 चा आतला व्यास सुमारे 103, चार इंचीपेक्षा किंचित जास्त, म्हणून तो 100 च्या ओळीला पूर्ण पात्र आहे. 160 सुद्धा आतून 152 भरतो, तोही बरोबर. फक्त 75 दगा देतो, आणि नेमका तोच काटकसरीत घेतला जातो. न्हाणी आणि मशीनच्या पाण्याला, 84 अधिक 28 म्हणजे 112 युनिटला, 75 मुळीच घेऊ नका. एकट्या किचनच्या 28 युनिटला तो पुरतो, त्याचं आतलं माप धरूनसुद्धा पुरतो.

बी टाइप म्हणतो तेव्हा तोच घ्या. ए टाइपची भिंत पातळ असते, तो व्हेंटला आणि पावसाच्या पाण्याला आहे. शाफ्टमध्ये एकदा रंग लागला की कुठला पाइप कुठला, ते कोणाला कळत नाही. म्हणून माल उतरतानाच पाइपावरचा शिक्का वाचा.

आता मापं बाजूला ठेवू. माप दोन्ही पद्धतींत जमतं. निवड ठरते ती मराठवाड्यात राहण्याच्या पद्धतीवरून.

पहिली गोष्ट न्हाणी ट्रॅपची. ट्रॅपमध्ये 50 मिलिमीटर पाणी उभं असतं आणि तेवढ्याच पाण्याच्या पडद्यानं गटाराची हवा घराबाहेर अडवलेली असते. मे महिन्यात घराला कुलूप लावून माणसं गावी जातात. आपल्याकडचं कोरडं ऊन आणि बंद घर, त्यात ट्रॅपमधलं पाणी उडून जातं. परत आल्यावर दार उघडलं की वास. एकत्र पाइपात कोरड्या ट्रॅपमधून थेट संडासाच्या लाइनची हवा घरात येते. दोन पाइपांच्या पद्धतीत न्हाणीचा पाइप खाली गल्ली ट्रॅपमध्ये सुटतो. त्या ट्रॅपमध्ये बाकीच्या तेरा घरांचं पाणी रोज पडत असतं, तो कोरडा पडत नाही. वरचा ट्रॅप सुकला तरी खाली एक पडदा शिल्लक असतो. फक्त या एका कारणासाठीही आपल्या भागात मी दोन पाइपांकडे झुकतो.

दुसरी गोष्ट पाणी परत वापरण्याची. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हेच शहर. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या माणसाला आंघोळीचं पाणी गटारात सोडताना वाईट वाटतं. न्हाणीचा पाइप वेगळा असेल तर आज नाही तर पाच वर्षांनी सोसायटी ते पाणी बागेला किंवा फ्लशला वळवू शकते. एकत्र पाइप टाकला की हा रस्ता कायमचा बंद. शाफ्ट फोडून पाइप वेगळा करायला कोणी तयार होत नाही. पण एक काळजी घ्या. किचनचं पाणी त्यात नको. तेल आणि खरकटं टाकीत गेलं की दोन दिवसांत घाण सुटते. म्हणूनच वर किचन वेगळं काढून मोजलं. संडासाला 110, न्हाणी आणि मशीनला 110, किचनला 75. योगायोग असा की पहिले दोन्ही पाइप बरोबर 112-112 युनिटचे होतात.

तिसरी गोष्ट मात्र उलट बाजूची आहे आणि ती लपवून चालणार नाही. संडासाचा पाइप वेगळा केला की त्याला फक्त फ्लशचं पाणी मिळतं. आजच्या सिस्टर्न 3 आणि 6 लिटरच्या आहेत, आणि टंचाईच्या दिवसांत लोक सिस्टर्न बंद करून बादलीनं किंवा तांब्यानं पाणी टाकतात. उभ्या पाइपात यानं काही बिघडत नाही. आडव्या लाइनमध्ये मात्र मैला थोडा पुढे जातो, थांबतो, पुढच्या फ्लशची वाट पाहतो. एकत्र पाइपात सकाळच्या आंघोळींचं पाणी तीच लाइन धुऊन काढतं. दोन पाइपांत ही धुलाई नाही. म्हणून संडासाच्या पाइपाच्या पायापासून पहिल्या चेंबरपर्यंतचं अंतर कमीत कमी ठेवा आणि उतार 1:50 द्या. युनिटच्या हिशेबानं 1:100 चालत असला तरी. अंतर चार-पाच मीटर असेल तर चिंता नाही. प्लॉटच्या आकारामुळे वीस-पंचवीस मीटर आडवी लाइन टाळताच येत नसेल, तर मी एकत्र पाइपाचा विचार पुन्हा करीन.

आणि इथेच मिस्त्रीचा सहा इंची परत येतो. मोठा पाइप म्हणजे तुंबणार नाही, हे त्याचं गणित. उभ्यात मोठा पाइप नुकसान करत नाही, फक्त पैसे आणि शाफ्टमधली जागा खातो. आडव्यात तो खरोखर त्रास देतो. तेवढंच 6 लिटर पाणी रुंद पाइपात पसरलं की त्याची खोली कमी होते. मैला तरंगायला खोली लागते. ती नसली की पाणी बाजूनं निघून जातं आणि घट्ट भाग मागे राहतो. संडासाच्या एकट्या 112 युनिटसाठी सहा इंची आडवी लाइन म्हणजे तुंबण्याची तयारी. एकत्र पाइपात 224 युनिटचं पाणी वाहत असतं, तिथे तो योग्य आहे, कारण पाणीही तेवढं आहे.

हंटरच्या गणिताची एक मर्यादा आपल्याकडे विशेष जाणवते. सगळे एकदम वापरत नाहीत हा त्याचा पाया. पण जिथे सोसायटी वरच्या टाकीचा व्हॉल्व सकाळी तासभरच उघडते, तिथे आंघोळ, धुणं, भांडी सगळं त्या एका तासात उरकलं जातं. मग संभाव्यता तक्त्यापेक्षा वाढते. उभ्या पाइपात 500 पैकी 112 किंवा 224 वापरतो, तिथे हे खपून जातं. आडव्यात मर्यादेला टेकून काम करू नका. किचन दुसऱ्या शाफ्टला नेलं की एकत्र पाइपाचे 196 होतात आणि "216 मध्ये बसलं की" म्हणून चार इंची तळ टाकायचा मोह होतो. अशा इमारतीत मी तो टाकणार नाही.

आता तळाचा बेंड, कारण दोन्ही पद्धतींत सगळ्यात जास्त तक्रारी इथून येतात आणि युनिटची बेरीज त्यावर काहीच सांगत नाही. भिंतीला चिकटून सेकंदाला तीन-चार मीटरनं आलेलं पाणी बेंडमधून आडवं होतं, तिथे त्याचा वेग एकदम पडतो आणि त्याची खोली वाढते. कधी कधी पाणी पाइपाच्या छतालाही लागतं. हवेचा खांब तिथे कोंडतो आणि दाब वर चढतो. त्या जागेच्या जवळ कोणाचा ट्रॅप असेल तर तो बुडबुडतो.

काही वर्षांपूर्वी माझ्याच ड्रॉइंगवरून झालेल्या एका इमारतीत हे घडलं. पार्किंगची जागा अडू नये म्हणून एकत्र पाइप पार्किंगच्या छताखालीच आडवा फिरवला होता आणि पहिल्या मजल्याची जोडणी त्या बेंडच्या वर जेमतेम हातभर. युनिट सगळे बसत होते. राहायला आल्यावर दोन महिन्यांत पहिल्या मजल्यावरच्या मावशींचा फोन आला, "भाऊ, वर कोणी मशीन लावली की माझ्या न्हाणीत फेस येतोय." साबणाचा फेस हलका, दाबाबरोबर वर चढतो. आधी सगळ्यांनी लाइन तुंबली समजून तारा घातल्या. लाइन स्वच्छ होती. ओळखायची खूण हीच आहे. तुंबलेल्या लाइनमध्ये घाण पाणी येतं आणि उतरत नाही. दाबाच्या दोषात फेस किंवा बुडबुडे येतात, वरचा वापर थांबला की आपोआप थांबतात. शेवटी पहिल्या मजल्याची दोन्ही घरं त्या पाइपातून सोडवून त्यांना वेगळी लाइन थेट चेंबरपर्यंत दिली. त्यानंतर तक्रार आली नाही.

म्हणून पाइप एक असो की दोन, आडवा फिरवायचा झाला तर सगळ्यात खालच्या मजल्याला वेगळी लाइन द्या. शक्य असेल तर पाइप पार्किंगच्या खांबाला धरून सरळ जमिनीपर्यंत उतरवा, म्हणजे पहिला मजला बेंडपासून आपोआप तीन मीटर वर राहतो. तळाला 90 चा एक बेंड नको, 45 चे दोन लावा, मध्ये थोडा सरळ तुकडा ठेवून, आणि त्यावर उघडता येईल असा डोअर. बेंडनंतरच्या आडव्या लाइनला लगेच कोणाची शाखा जोडू नका. पाइपाच्या व्यासाच्या दहापट अंतर, म्हणजे चार इंचीला किमान एक मीटर सोडा. व्हेंटचा 75 चा पाइप या बेंडच्या थोडा वर उभ्या पाइपाला जोडून गच्चीपर्यंत न्या, म्हणजे कोंडलेल्या हवेला वाट मिळते. एकत्र पद्धतीत हा व्हेंट वाचवायचा नाही. तिथे सगळे ट्रॅप एकाच हवेवर आहेत, एकाचा दोष सगळ्यांना भोवतो. पैसे वाचतील म्हणून एकत्र पाइप निवडणारे बहुतेक वेळा हाच खर्च धरायला विसरतात. तो धरला की दोन पद्धतींतला फरक पुष्कळ कमी होतो.

शाफ्टची रुंदी मात्र एकत्र पाइपाच्या बाजूनं बोलते. संडास, न्हाणी, किचन आणि व्हेंट असे चार पाइप, शिवाय पाणीपुरवठ्याचे, आणि माणसाला पान्हा फिरवायला जागा. दोन-अडीच फुटांच्या शाफ्टमध्ये चार उभे पाइप कोंबले की मागच्या पाइपाचा सांधा गळाला तर तिथे हात पोहोचत नाही. ड्रॉइंग अजून हातात असेल तर शाफ्ट वाढवून घ्या. स्लॅब पडले असतील आणि शाफ्ट अरुंद असेल, तर एक 110 आणि त्याचा व्हेंट, खाली 160, हे नीट केलेलं काम चार पाइपांच्या कोंबाकोंबीपेक्षा चांगलं.

औसा रोडच्या इमारतीत शाफ्ट चार फुटांचा होता आणि चेंबर पायापासून सहा मीटरवर. तिथे आम्ही दोन 110, किचनला 75 आणि व्हेंट असा निर्णय घेतला, पहिला मजला वेगळा न काढता, कारण पाइप सरळ जमिनीपर्यंत उतरतात. न्हाणीची लाइन सध्या गल्ली ट्रॅपमधून गटारालाच जाते. पुढे टाकी करायची ठरली तर वळवता यावी म्हणून ट्रॅपनंतर एक चेंबर मोकळा ठेवला आहे.

ताबा देण्याआधी एक चाचणी होईल. सगळे ट्रॅप भरायचे, सातव्या आणि सहाव्या मजल्यावरचे संडास एकदम फ्लश करायचे, त्याच वेळी शॉवर आणि मशीन सोडायची, आणि एक माणूस पहिल्या मजल्यावर न्हाणी ट्रॅपची जाळी काढून बसेल. पाणी वर उसळतं का ते तो पाहील. मग प्रत्येक मजल्याच्या ट्रॅपमध्ये काडी घालून उरलेलं पाणी मोजायचं. 50 पैकी 25 मिलिमीटर तरी राहिलं पाहिजे. तेवढं उरलं नाही तर व्हेंट कुठे तरी चोंदलाय किंवा जोडायचाच राहिलाय, आणि ते शाफ्टला प्लास्टर होण्याआधी शोधायचं.